कागदावर १२३ ग्रॅम प्रोटीन होतंय, तरी स्क्वॉट उतरतोय. फास्टिंगनं मसल जातंय का?

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

मंडळी नमस्कार. वय ३१, उंची पाच फूट आठ इंच. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसीवर आहे, फर्स्ट शिफ्ट, ७ ते ३:३०. चार वर्षं जिम करतोय. दोन महिन्यांपूर्वी पोट कमी करायचं म्हणून इंटरमिटंट फास्टिंग धरलं. खाण्याची विंडो दुपारी ४ ते रात्री १०, म्हणजे सहा तास. ११:३० ला कंपनीत जेवणाची सुट्टी होते तेव्हा मी काळा चहा घेऊन बसतो आणि डबा घरी येऊन ४ वाजता उघडतो.

४ ला तीन चपात्या, भाजी, आमटीची मोठी वाटी, भात, दोन अंडी. ५:३० ला जिम. ७ ला पाण्यातून एक स्कूप व्हे. ९:३० ला घरच्यांबरोबर दोन भाकरी, मटकीची उसळ, ग्लासभर दूध. बुधवारी आणि रविवारी मटण असतं.

प्रोटीन लिहून ठेवतो. आमटी २०० ग्रॅम म्हणजे ४४, उसळ १५० ग्रॅम म्हणजे ३५, अंडी १२, व्हे २४, दूध ८. एकूण १२३. चपाती-भाकरी यात धरलेलीच नाही. माझं टार्गेट १२५ आहे, वजनाच्या १.६ पट. म्हणजे काम झालंच.

पण वजन ८३ वरून ७८ वर आलं तरी कंबर ३६ ची साडेपस्तीसच झाली. स्क्वॉट १२० किलोचे पाच मारायचो, आता १०५ ला पाचवा अडकतो. बेंच ८५ वरून साडेसत्त्याहत्तरवर आला. दंड शर्टात सैल दिसतात असं बायको म्हणाली, ते मनाला लागलं.

फास्टिंगनं मसल जातंय का? की विंडो अजून आवळून चार तासांची करावी, म्हणजे फॅट लवकर जाईल?

आयर्न_शिवाजीपेठ

भावा, तुझी चूक सरळ दिसतेय. एका वेळी शरीर ३० ग्रॅमच प्रोटीन घेतं, वरचं सगळं वाया जातं. सहा तासांत तू तीनदा खाणार, म्हणजे जास्तीत जास्त ९० लागू होणार. १२३ खाऊन उपयोग न्हाई. विंडोत दर तासाला थोडं थोडं खा, २० ग्रॅमचे सहा भाग पाड. मी कटिंगला असंच करतो आणि मला फरक पडलाय.

तालमीतला_जुना

माझं वय ५८. गंगावेशेकडच्या तालमीत वाढलो. आमच्या वेळी पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग लढत, आणि लढत संपली की अंग गार व्हायच्या आत थंडाई. दहाला जेवण, झोप, चारला पुन्हा मेहनत. मेहनतीनंतर पोट रिकामं ठेवायचं नाही हा वस्तादांचा दंडक होता. तुम्ही मेहनतीआधी ताटभर जेवता आणि मेहनतीनंतर पाण्यातली पावडर घेता. हे उलटं आहे. दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण लिटरभर दूध प्या, बदाम वाटून घ्या, ताकद कुठं जाते बघू.

आहार_राजारामपुरी

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे लिफ्टिंग करणारी मुलं-मुली बऱ्याच येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, आधी तुमचा हिशेब तपासू. आमटी २०० ग्रॅमला ४४ कुठून आले? तूरडाळीच्या पुडीवर १०० ग्रॅमला २२ लिहिलेलं असतं, ते तुम्ही दुप्पट केलंत. पण पुडीवरचा आकडा कोरड्या डाळीचा आहे. वाटीतल्या २०० ग्रॅम आमटीत बहुतेक पाणीच असतं. उसळीचंही तेच. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला २३ च्या आसपास प्रोटीन असतं. मटकी भिजली, मोड आले, वर रस्सा झाला की वाटीतलं वजन वाढतं, प्रोटीन आहे तेवढंच राहतं.

एक काम करा. घरात किचनचा काटा आणा. उद्या आमटीला डाळ घालण्याआधी तिचं वजन करा आणि आमटी झाल्यावर मोठ्या वाटीनं किती वाट्या झाल्या ते मोजा. मग इथं लिहा. त्याआधी विंडोला हात लावू नका, चार तासांची तर मुळीच करू नका.

शिवाजीपेठ दादांना एवढंच सांगते, ३० च्या वरचं वाया जातं हे खरं नाही. आतड्यातून जवळजवळ सगळंच शोषलं जातं, जास्त खाल्लं तर वेळ जास्त लागतो. दर तासाला २० ग्रॅम खाणं कंपनीत नोकरी करणाऱ्याला जमतही नाही आणि त्याची गरजही नाही. एका बसणीला अंगाच्या वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅमच्या खाली जाऊ नये, हा नियम मी धरते. ७८ किलोला साधारण ३१ होतात. म्हणजे तुमचा ३० चा आकडा एका बसणीचा तळ म्हणून ठीक आहे, छत म्हणून चुकतो.

फूडटेक_एमएस्सी

ताईंच्या मुद्द्याला जोड देतो. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर काही तरुणांना २५ ग्रॅम आणि काहींना १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन एकदम दिलं होतं. १०० वाल्यांच्या शरीरात ते बारा तासांपर्यंत स्नायू बांधायला वापरलं जात राहिलं. माणसं कमी होती आणि मोजणी काही तासांची होती, त्यातून मसल किती वाढलं हे कळत नाही. पण तिसाच्या वरचं फुकट जातं, ही समजूत त्यानं खोडली जाते.

लिफ्टरांवर थेट झालेला प्रयोग २०१६ चा, इटलीतला. आठ आठवडे, ३४ सरावलेले पुरुष. त्यातले निम्मे दुपारी १, ४ आणि रात्री ८ असं तीनदाच खायचे. प्रोटीन भरपूर होतं, वजनाच्या दुपटीजवळ. फॅट कमी झालं आणि मसल टिकलं, ताकदही टिकली. टेस्टोस्टेरॉन मात्र फास्टिंगवाल्यांचं खाली आलं होतं, हेही सांगायला पाहिजे.

याच्या उलट २०२० मध्ये अमेरिकेत दुपारी १२ ते रात्री ८ अशी विंडो दिली, पण ना व्यायाम ठरवून दिला, ना प्रोटीन. तिथं वजन थोडंच उतरलं आणि उतरलेल्यातला मोठा वाटा फॅटचा नव्हताच. विंडो दोन्हीकडे सारखीच आठ तासांची.

सुनंदा_काकू

मुलांनो, मी दर संकष्टीला उपवास करते, गेली वीस वर्षं. दिवसभर साबुदाणा खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी चालते. तरी संध्याकाळी गळून जाते. यात प्रोटीन कसं वाढवायचं? माझा नातू जिमला जातो, तोही माझ्याबरोबर संकष्टी धरतो.

आहार_राजारामपुरी

काकू, इथला उपवास घड्याळावरचा आहे. ही मंडळी ठरावीक तासांत सगळंच खातात, बाकीच्या वेळात काहीच खात नाहीत. तरी तुमचा प्रश्न उपयोगी आहे. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, तो निव्वळ स्टार्च. दही, दूध, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा यावर भर द्या. नातू एरवी आठ तासांची विंडो पाळत असेल तर त्याला सांगा, चंद्रोदय नऊच्या पुढे असला तर त्या दिवशी तिचा आग्रह सोडायचा. दुपारी दह्यात व्हे घालून घ्यायचं, चंद्रोदयानंतर नीट जेवायचं. महिन्यातला एक दिवस आहे.

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

ताई, लक्ष्मीपुरीतून काटा आणला. काल आईनं आणि बायकोनं मिळून डाळ मोजली. घरात सहा माणसांच्या आमटीला १२० ग्रॅम डाळ पडते. चिंच, गूळ, पाणी, फोडणी सगळं होऊन माझ्या मोठ्या वाटीनं पाच वाट्या झाल्या. १२० ग्रॅम डाळीत २६ ग्रॅम धरले तर माझ्या वाटीत पाचच्या थोडं वर येतात, सहा धरले. मी ४४ लिहीत होतो.

मटकीही मोजली. माझ्या वाटीला ४० ग्रॅम कोरडी, म्हणजे ९. मी ३५ लिहीत होतो.

मग परत सगळं मांडलं, या वेळी चपाती-भाकरी धरून. आमटी ६, उसळ ९, अंडी १२, व्हे २४, दूध ८, चपात्या १०, भाकरी १२, भात ४, भाजी २. एकूण ८७. भाकरीचं पीठही मोजलं, आईची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची असते.

दोन महिने मी रोज ८७ खाऊन १२३ लिहिलेत. काल रात्री जेवताना कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही.

आहार_राजारामपुरी

दादा, फार चांगलं केलंत, आता कामाचं बोलता येईल. ८७ म्हणजे तुमच्या किलोमागे १.१. आठवड्याला सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम वजन उतरण्याचा वेग घातक नाही, म्हणून उपासमार हे कारण मला पहिलं वाटत नाही. वजन पाच किलो गेलं, कंबर अर्धाच इंच, आणि बार आठवड्यागणिक जड. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मसल जातंय असं समजायचं. यातली एकच दिसली तर घाबरायचं नाही. कट करताना एखादा लिफ्ट खाली-वर होतोच.

आता विंडो. सहा-आठ तासांत मला नेहमी दिसणारी अडचण पोटातल्या जागेची असते. तुम्ही अठरा तासांच्या भुकेनं चारला ताटावर बसता. पहिल्या दहा मिनिटांत तीन चपात्या आणि भात जातो, पोट तट्ट होतं, आणि ज्यासाठी बसलात ती अंडी शेवटी दोनच उरतात. दीड तासात बारखाली जायचं असतं. स्क्वॉटला खाली बसताना घशाशी येत असेल, खरं ना?

म्हणून तीन बदल करा. तुमची कंपनीतली सुट्टी ११:३० ला आहे, विंडो तिथून उघडा. बसण्या तीनच ठेवा, पण मध्ये किमान तीन तासांचं अंतर, म्हणजे खरी भूक लागते. आणि प्रत्येक ताटात प्रोटीनचा पदार्थ आधी संपवा, चपाती-भाकरी नंतर.

तुमच्या घरातलंच घेऊन मांडते. ११:४० ला चार उकडलेली अंडी, मटकीची कोरडी उसळ, दोन चपात्या. साधारण ४०. घरी आल्यावर ३:४५ ला मोठी वाटी दही, त्यात एक स्कूप व्हे, एक केळं. ३१-३२. हे हलकं आहे, दीड तासात पोट मोकळं होतं. जिम ५:३० ऐवजी ५:१५ ला धरलीत तर साडेसहाला सुटाल. ७ ला कच्चं मोजून २०० ग्रॅम बोनलेस चिकन, एक भाकरी, वाटीभर आमटी. ५४-५५ होतात. बेरीज १२५ च्या पुढे जाते आणि साडेसातपर्यंत विंडो बंद होते.

चिकन कच्चंच मोजा. शिजल्यावर पाणी निघून वजन घटतं, म्हणजे डाळीच्या उलट होतं. शिजलेलं मोजून कच्च्याचा आकडा लावला तर प्रोटीन कमी लिहाल.

तालमीतला_जुना

ताई, मग दुधाचं काय? आमची पिढी दुधावरच उभी राहिली.

आहार_राजारामपुरी

वस्ताद, दुधाला माझा विरोध नाही. तुमचा मेहनतीनंतर खाण्याचा दंडकही बरोबर आहे, म्हणूनच जेवण जिमनंतर लगेच ठेवलं. पण म्हशीच्या लिटरभर दुधात प्रोटीन ३५ ते ४० ग्रॅम आणि फॅट ६०-७० ग्रॅम. रोज दोन वेळा तालमीत घाम गाळणाऱ्याला ते जिरतं. हे दादा आठ तास मशीनसमोर उभे आणि एक तास जिम, शिवाय वजन उतरवतायत. त्यांच्या दिवसाच्या कॅलरीतल्या हजाराजवळ एकट्या दुधात जातील आणि सात वाजता चिकनला जागा उरणार नाही. बदामाचंही तसंच, मूठभर चांगले, पण प्रोटीनसाठी बदाम खाल्ले तर फॅटच जास्त येतं.

उलट बाजूही सांगते. दोन वेळा मेहनत करणाऱ्या पैलवानाला मी आठ तासांची विंडो कधीच सांगणार नाही. सकाळच्या मेहनतीनंतर त्याला पाच-सहा तास उपाशी ठेवायचं आणि चारला परत आखाड्यात उतरवायचं, हे मला पटत नाही.

तालमीतला_जुना

हे पटलं. माझा पुतण्या खासबागच्या मैदानाची तयारी करतोय आणि मोबाइलवर बघून सोळा तास उपाशी राहायला लागलाय. त्याला आजच सांगतो.

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

घशाशी यायचं, बरोबर ओळखलंत. मी ते बेल्ट घट्ट बांधल्यामुळं समजत होतो.

दोन अडचणी. पहिली, घरात नऊला सगळे एकत्र जेवतात. मुलगी चार वर्षांची आहे, ती माझ्याच ताटातला घास मागते. मी ७ ला एकटा जेवून नऊला नुसता बसलो तर तिला कळत नाही आणि मलाही जड जातं. दुसरी, बुधवार-रविवार. त्या दिवशी मटण, तांबडा-पांढरा असतो, तेव्हा प्रोटीनची काळजी नाही ना?

आहार_राजारामपुरी

दुसरीचं आधी. किती मटण आणता आणि खाणारे किती?

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

अर्धा किलो, खाणारे चार. मी रस्सा मात्र चार वाट्या पितो, त्यात मटणाचा सगळा अर्क उतरतो ना.

आहार_राजारामपुरी

अर्ध्या किलोत हाड पाव ते तिसरा हिस्सा जातं. उरलं साडेतीनशे, तुमच्या वाट्याला ८५-९० ग्रॅम कच्चं. त्यात १७-१८ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे तीन अंड्यांएवढं. रस्सा चवीला कितीही उतरला तरी त्यात प्रोटीन नावापुरतंच. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. तांबड्यात तेलाचा तवंग. चार वाट्यांनी पोट भरतं आणि फॅट जातं. हा अनुभव मी कोल्हापुरात पुन्हा पुन्हा घेतलाय. बुधवार-रविवार हे लोकांचे सर्वांत कमी प्रोटीनचे दिवस निघतात, कारण त्या दिवशी मटण आहे म्हणून अंडी आणि व्हे दोन्ही बंद असतं. त्या दिवशी रस्सा दोन वाट्यांवर ठेवा, ११:४० ची अंडी चुकवू नका, ३:४५ चं दही-व्हे चुकवू नका.

आता मुलीचं. सव्वाआठला सगळ्यांना जेवायला बसवता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर विंडो साडेनऊ तासांची होऊ द्या. ७ चं जेवण दोन भागांत करा, जिमहून आल्यावर निम्मं चिकन आणि नऊला उरलेलं भाकरी-आमटीबरोबर. तुमच्या कॅलरी आणि प्रोटीन जागेवर असतील तर दीड तासानं काहीही बिघडत नाही. प्रोटीन कमी पडलं तर बिघडतं. तुम्ही विंडो पाळायला प्रोटीन सोडत होतात. सोडायचंच झालं तर विंडो सोडा.

आयर्न_शिवाजीपेठ

ताई, इथं मी अडतो. विंडो ढिली केली की माणूस खातच सुटतो. मला स्वतःला आठच्या पुढं तोंड बंद असतं म्हणूनच कट जमतो. साडेनऊ तास दिले तर फरसाण, शेव, सगळं येतं. शिस्त मोडते.

आहार_राजारामपुरी

तुमच्याबाबतीत ते खरं असेल आणि मग तुम्ही आठवरच थांबा. विंडोचा खरा उपयोगच तो आहे, खाण्याला कुंपण. ज्याला कुंपणाशिवाय जमतं त्यानं ते सरकवावं. दादा कोणत्या प्रकारचे आहेत ते पाच-सहा आठवड्यांत कळेल.

बावड्याची_शिक्षिका

मी कसबा बावड्याहून. वय ३६, वजन ५६, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तीन वर्षं वेट ट्रेनिंग करते, डेडलिफ्ट ८० किलोचे तीन. चिकन-अंड्यांवर उत्तर काढणं सोपं आहे, म्हणून माझं लिहिते.

मीही गेल्या वर्षी १२ ते ६ विंडो धरली होती. टार्गेट ९०. प्रोटीन पुरं करायला मोडाच्या मटकीवर, मुगावर आणि हरभऱ्यावर भिस्त ठेवली. सहा तासांत एवढी कडधान्यं म्हणजे संध्याकाळी पोट फुगून पाचवीच्या वर्गात उभं राहणं नको व्हायचं. रोज निम्मी उसळ टाकायची वेळ यायची. ७० च्या वर कधी गेलेच नाही. तिसऱ्या महिन्यात पाळी पंधरा दिवस पुढं गेली, मग एक महिना आलीच नाही. तोवर मी ते ताणावर ढकलत होते. डॉक्टर मॅडमनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी खाणं वाढवायला सांगितलं.

आता विंडो साधारण नऊ तासांची आहे. १०:३० ला शाळेत मोठा डबा, त्यात ५० ग्रॅम सोया चंक्सची भाजी. चंक्स कोरडे मोजते, भिजवून पिळून घेते, म्हणजे वास जातो. ५० ग्रॅमला २६ मिळतात आणि जागा वाटीभर. ३ ला शंभर ग्रॅम पनीर, नुसतं तव्यावर मिरपूड घालून, १८. जिमनंतर व्हे, २४. रात्री ७:३० ला दोन चपात्या, वरण आणि तीनशे ग्रॅम दही. दिवसाचे ९० सहज होतात. कडधान्य एकाच वेळी खाते. खाणं वाढवल्यावर चौथ्या महिन्यापासून पाळी वेळेवर आहे.

आहार_राजारामपुरी

टीचर, हे लिहिलंत याबद्दल आभार. मुलींनी यातली पाळीची ओळ लक्षात ठेवा. फास्टिंगवर असताना पाळी पुढं गेली, सतत थंडी वाजायला लागली किंवा झोप मोडायला लागली तर पुढच्या महिन्याची वाट न बघता विंडो उघडायची, खाणं वाढवायचं आणि डॉक्टरांना भेटायचं. शाकाहारी लोकांना सहा तासांची विंडो मी देतच नाही. डाळ-कडधान्यातलं प्रोटीन फायबरला घट्ट बांधून येतं, पोट आधी भरतं. सोया चंक्स, पनीर, चक्का आणि व्हे हे चार पदार्थ कमी जागेत बसतात.

पन्हाळा_रोड

माझ्या वडिलांना क्रिएटिनिन वाढलंय म्हणून डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलंय. मी ३८ चा, जिम करतो. मी १.६ पट खाल्लं तर माझीही किडनी जाईल का? आणि मला शुगरची गोळी चालू आहे, फास्टिंग करावं का?

आहार_राजारामपुरी

निरोगी किडनीला १.६ नं इजा होते असं दिसलेलं नाही. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याचा हिशेब वेगळा. घरात इतिहास आहे, तर सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. गोळीचं मात्र नाव माहीत असल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. काही गोळ्यांवर सोळा तास उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. ती गोळी ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही फास्टिंग करू नका.

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

पाच आठवडे झाले, म्हणून लिहितोय.

११:४० ची अंडी पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये सोलत बसलो तर सगळे बघत होते. आता बायको सोलून, मीठ-मिरपूड लावून देते. आमच्या लाइनवरचे अजून दोघं अंडी आणायला लागलेत. ३:४५ चं दही-व्हे पहिले चार दिवस गुठळ्या होऊन गिळवत नव्हतं. मग व्हे आधी थोड्या पाण्यात कालवून घेतलं आणि वरून दही फेटलं, तेव्हा जमलं.

नऊचं जेवण सव्वाआठवर आणलं. आई आधी नाराज होती, आता तीच आठला हाक मारते. त्यामुळं निम्मं चिकन जिमनंतर, निम्मं सव्वाआठला. विंडो साधारण नऊ तास.

वजन ७८ वरून ७७.२. कंबर साडेपस्तीसवरून पावणेपस्तीस. स्क्वॉट ११२.५ चे पाच झाले, पाचवा अडकला नाही. बेंच ८० ला आलाय. घशाशी येणं पूर्ण थांबलं. रोजची बेरीज ११८ ते १३० च्या मध्ये येते. रविवारी एकदा १०५ वर राहिली, रस्सा तीन वाट्या झाला होता.

फूडटेक_एमएस्सी

छान. पण एक शंका राहते. तुम्ही प्रोटीनही वाढवलं, विंडोही वाढवली, जेवणाच्या वेळाही बदलल्या. यातलं नेमकं कशानं ताकद परत आली हे सांगता येणार नाही. हेच १२५ ग्रॅम जुन्या ४ ते १० मध्ये खाल्लं असतं तर काय झालं असतं?

आहार_राजारामपुरी

खरं आहे, वेगळं करून सांगता येणार नाही. माझा कल प्रोटीनकडे आहे. पण बसणीची वेळ सरकली नसती तर १२५ त्यांच्या पोटात गेलेच नसते, हेही तितकंच. मसल वाढवायचं असेल, म्हणजे वजन चढवायचं असेल, तेव्हा आठ तासांतल्या तीन बसण्या चौदा तासांतल्या चार बसण्यांएवढ्या चालतात का, याबद्दल मी अजून ठाम बोलत नाही. माझ्याकडचे जे वजन चढवतात त्यांना मी विंडो सोडायला लावते.

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

ताई, शेवटचं एक. पुढच्या सोमवारपासून महिनाभर थर्ड शिफ्ट लागलीय, रात्री ११:३० ते सकाळी ७. सगळं उलटं होणार.

आहार_राजारामपुरी

सकाळी ८:३० ते ३ झोप धरा. ४ ला अंड्यांचं जेवण, ६ ला जिम, ७:३० ला मुलीबरोबर चिकन-भाकरी, आणि घरातून निघायच्या आधी १०:३० ला दही-व्हे. साडेसहा तासांत तिन्ही बसण्या होतात आणि अंतरही राहतं. रात्री कंपनीत काळा चहा फक्त १ च्या आधी, नाहीतर सकाळी झोप येणार नाही. झोप पाच तासांच्या खाली गेली तर त्या आठवड्यात स्क्वॉटचं वजन वाढवू नका.

शिरगाव_फर्स्टशिफ्ट

४ आणि ७:३० जमतंय. १०:३० ला बस गेटवर असते, दही डब्यातून नेऊन बसमध्येच खाईन. पहिल्या आठवड्याचे आकडे रविवारी टाकतो.